सहा बॅगा युरियाचं बदलत गेलेलं वजन

आडसाली उसाच्या पट्ट्यात खताचा हिशेब किलोंमध्ये कुणी सांगत नाही. ‘एकरी डीएपी तीन, युरिया सहा, पोटॅश दोन’ एवढंच सांगितलं जातं. कृषी सेवा केंद्राच्या बिलामागे लिहिलेली अशी चिठ्ठी वर्षानुवर्षं शर्टाच्या खिशात, मोटारीच्या पेटीवर, पुढं मोबाइलच्या फोटोंत टिकून राहते. मुलगा बापाच्याच चिठ्ठीनं खत आणतो. सन २०१० ते २०२४ या काळाकडे मागं वळून पाहताना मला सगळ्यांत जास्त खटकतं ते हेच. या काळात बॅगेचं वजन बदललं, बॅगेतला माल बदलला, दुकानात काय मिळेल आणि काय नाही हेही बदललं. चिठ्ठी मात्र बदलली नाही.

त्या चिठ्ठीचं मूळ विद्यापीठाच्या शिफारशीत आहे. आडसाली उसासाठी हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश ही महाराष्ट्रात रुळलेली मात्रा. आकडे हेक्टरचे असतात आणि आपण बोलतो एकरात, म्हणून पहिलं काम अडीचने भागायचं. एक हेक्टर म्हणजे नेमके २.४७ एकर, पण अडीच धरल्यानं पडणारा फरक शेकडा एक-सव्वाचाच आहे, तो सोडून द्यावा. एकरी आकडा आला १६०:६८:६८. या भागाकाराचा विसर पडला, तर हेक्टरचं खत एकरात जातं. ही चूक मी छापील पत्रकातही पाहिली आहे. तिथं आकडा बरोबर होता, फक्त खाली ‘एकरी’ असं छापलं होतं.

दुसरं काम बॅगेवरच्या आकड्यांचं. डीएपीवर १८:४६:० लिहिलेलं असतं. म्हणजे शंभर किलो खतात १८ किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. बॅग ५० किलोची, म्हणून निम्मं: ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद. पोटॅशमध्ये ६० टक्के पालाश, म्हणजे ५० किलोच्या बॅगेत ३० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, जुन्या ५० किलोच्या बॅगेत २३ किलो. टक्के गुणिले बॅगेचं वजन, भागिले शंभर. इथं एक गोष्ट मनाला बजावून ठेवावी. बॅगेवरचं ‘स्फुरद’ आणि ‘पालाश’ हे शुद्ध मूलद्रव्याचं वजन नसून त्यांच्या ऑक्साइडच्या रूपातलं असतं. विद्यापीठाची शिफारसही त्याच रूपात असल्यामुळे दोन्ही आकडे थेट जुळवता येतात. परदेशी तक्त्यात शुद्ध स्फुरदाचा आकडा दिला असेल, तर मात्र त्याला २.२९ ने गुणल्याशिवाय बॅगेशी ताडून पाहू नये. पालाशसाठी हाच गुणक १.२ आहे.

आता ती चिठ्ठी तपासू. तीन डीएपी: २७ नत्र, ६९ स्फुरद. सहा युरिया, जुन्या बॅगेच्या: १३८ नत्र. दोन पोटॅश: ६० पालाश. बेरीज १६५:६९:६०. हवं होतं १६०:६८:६८. पालाश आठ किलोनं कमी, बाकी सगळं जागच्या जागी. ज्यानं कुणी ही चिठ्ठी पहिल्यांदा लिहिली, त्यानं हिशेब करून लिहिली होती आणि अर्ध्या बॅगा टाळण्यासाठी आकडे पूर्ण केले होते. त्या काळापुरती ती चांगली चिठ्ठी होती.

तिला पहिला धक्का वजनाचा नव्हता, किमतीचा होता. एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारनं पोषणद्रव्यांवर आधारित अनुदानाचं धोरण आणलं. डीएपी, पोटॅश आणि मिश्रखतांच्या किमती कंपन्यांवर सोडल्या गेल्या, युरिया मात्र सरकारी किमतीतच राहिला. पुढच्या दोन वर्षांत पोटॅशचा भाव इतका चढला की चिठ्ठीतली दुसरी पोटॅशची बॅग आधी गळाली आणि काहींच्या रानात पहिलीही. देशपातळीवरच्या वापराच्या आकड्यांत ते दिसतं: नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण २००९-१० मध्ये ४.३:२:१ होतं, ते २०१२-१३ मध्ये ८.२:३.२:१ झालं. एकराच्या हिशेबात हीच गोष्ट एका ओळीत कळते. एकच पोटॅश टाकलं, तर पालाश ३० किलो, म्हणजे शिफारशीच्या निम्म्याहून कमी. बॅगा मोजणाऱ्याला ‘एक बॅग कमी केली’ एवढंच वाटतं. किलो मोजणाऱ्याला आपण एक अन्नद्रव्य निम्म्यावर आणलं हे दिसतं, आणि मग जमिनीत ते आधीच भरपूर आहे का, हे माती परीक्षणाच्या कागदावर पाहावंसं वाटतं.

दुसरा बदल मात्र थेट बॅगेत झाला आणि तो सगळ्यांत कमी लक्षात आला. २०१५ मध्ये युरियाला कडुलिंबाचा लेप सक्तीचा झाला आणि २०१८ मध्ये युरियाची बॅग ५० किलोवरून ४५ किलोची झाली. शेतकरी बॅगा मोजून खत टाकतो, मग बॅगच लहान केली तर वापर कमी होईल, हा त्यामागचा विचार. लेपामुळे नत्र सावकाश सुटतं, म्हणून थोडा कमी युरिया पुरेल, हा त्याला दिलेला आधार. विचार चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या रानात खत पडणार, त्याला आपण किती कमी टाकतोय हे माहीत असायला हवं.

४५ किलोच्या बॅगेत नत्र २०.७ किलो. सहा बॅगांचं झालं १२४.२. त्यात डीएपीचे २७ मिळवले की १५१.२. चिठ्ठीवर एक अक्षरही न बदलता एकरी नत्र १६५ वरून १५१ वर आलं आणि शिफारशीच्या खाली जवळपास नऊ किलो गेलं. भरून काढायचं, तर साधारण १९ किलो युरिया जादा लागतो, अर्ध्या बॅगेपेक्षाही कमी. लेपावर भरवसा ठेवून नऊ किलो सोडून द्यायचं ठरवलं, तरी हरकत नाही. मात्र तसं ठरवण्यासाठी आधी ते नऊ किलो दिसायला हवेत. मी या विषयावर बोलायला जातो, तिथं रिकामं पोतं मागवतो आणि ‘निव्वळ वजन’ ही ओळ मोठ्यानं वाचायला सांगतो. ‘पंचेचाळीस? आम्ही तर पन्नासच धरतोय,’ हे वाक्य बॅग बदलल्यानंतर कितीतरी वर्षं ऐकू येत राहिलं.

खरी पडझड तिसऱ्या टप्प्यात झाली. २०२१ मध्ये डीएपीचे जागतिक भाव भडकले, सरकारनं अनुदान वाढवून किंमत आवरली, पण पुढच्या हंगामांत माल वेळेवर मिळेलच याची खात्री राहिली नाही. २०२४ मध्ये तर अनेक ठिकाणी डीएपीची टंचाई होती. दुकानदार म्हणायचा, ‘आबा, डीएपी नाही, दहा-सव्वीस-सव्वीस घ्या, त्याच्यापेक्षा भारी आहे.’ आबा तीन डीएपीच्या जागी तीन बॅगा १०:२६:२६ घेऊन जायचे. युरिया आणि पोटॅश चिठ्ठीप्रमाणेच.

त्या बदलाचा हिशेब असा. १०:२६:२६ च्या एका बॅगेत ५ नत्र, १३ स्फुरद, १३ पालाश. तीन बॅगांत १५:३९:३९. युरियाचे १२४ आणि पोटॅशचे ६० मिळवले की एकूण १३९:३९:९९. स्फुरद ६८ च्या जागी ३९, पालाश ६८ च्या जागी ९९, नत्र एकवीस किलोनं कमी. खत निकृष्ट नव्हतं, दुकानदारानं फसवलंही नव्हतं. बॅगेला बॅग हा बदलाच चुकीचा होता. उसाला सुरुवातीला मुळं आणि फुटवे यांसाठी लागणारं स्फुरद कमी पडलं आणि पोटॅशच्या एका बॅगेचे पैसे गरज नसताना गेले.

बरोबर बदला करायचा तर स्फुरदापासून सुरुवात करावी, कारण तेच कमी खतांतून मिळतं. ६८ भागिले १३, म्हणजे पाच बॅगा आणि वर थोडं. पाच घेतल्या तर २५:६५:६५. पालाश त्यातच भागलं, पोटॅशची बॅग लागतच नाही. नत्र उरलं १३५, त्याला युरिया साडेसहा बॅगा. सुपर फॉस्फेट वापरायचं असेल, तर त्यात स्फुरद १६ टक्के, बॅगेत फक्त ८ किलो. म्हणजे साडेआठ बॅगा लागतात, नत्र शून्य मिळतं आणि सगळं नत्र युरियातून द्यावं लागतं. मात्र सुपरमध्ये ११ टक्के गंधक असतं, त्या साडेआठ बॅगांतून ते ४६ किलोंच्या वर जातं. गंधक कमी असलेल्या जमिनीत हे जादा ओझं वाहून नेण्यासारखं आहे.

याच काळात हिशेबात न बसणाऱ्या दोन गोष्टी आल्या. २०२३ मध्ये गंधकाचा लेप असलेला युरिया आला: नत्र ३७ टक्के, बॅग ४० किलोची, म्हणजे नत्र १४.८ किलो. नाव युरियाचं असलं तरी साध्या बॅगेपेक्षा सहा किलो नत्र कमी. चिठ्ठीतले सहा युरिया असे घेतले, तर ८९ किलोच नत्र पडेल. दुसरी गोष्ट नॅनो युरिया, २०२१ पासूनची. पहिल्या ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत नत्र होतं २० ग्रॅम. एक बाटली म्हणजे एक बॅग हा दावा वजनाचा नव्हताच, पानातून शोषण जास्त होतं या गृहीतावरचा होता आणि त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. त्यामुळे बाटलीला मी किलोंच्या बेरजेत शून्य धरतो. फवारायची तर फवारावी, तिच्या नावानं जमिनीतल्या युरियाची बॅग वजा करू नये.

किलोंच्या या हिशेबाची मर्यादाही सांगतो. रानात किती पडलं एवढंच तो सांगतो, उसाला किती लागू पडलं हे नाही. ते बरंचसं हप्त्यांवर ठरतं. आडसालीत नत्राचा १० टक्के भाग लागणीला, ४० टक्के सहा ते आठ आठवड्यांनी, १० टक्के बारा ते सोळा आठवड्यांनी आणि ४० टक्के मोठ्या बांधणीला. स्फुरद आणि पालाश निम्मं लागणीला, निम्मं बांधणीला. वरच्या १०:२६:२६ च्या हिशेबाला हे लावलं, की लागणीला अडीच बॅगा आणि सोबत जेमतेम ८ किलो युरिया. दुसऱ्या हप्त्याला १३९ किलो युरिया, तीन बॅगा आणि चार किलो. तिसऱ्याला ३५ किलो. मोठ्या बांधणीला उरलेल्या अडीच बॅगा १०:२६:२६ आणि ११२ किलो युरिया. लागणीलाच युरियाच्या दोन बॅगा ओतणाऱ्याची एकूण बेरीज बरोबर येईल, पण पावसाळ्यात त्यातलं बरंच नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून जाईल. म्हणून नव्या चिठ्ठीवर बॅगांचा आकडा लिहूच नये. प्रत्येक हप्त्यापुढे खताचे किलो लिहावेत आणि बॅगेचं वजन दुकानात पोतं उलटून वाचल्यावर मग भागाकार करावा.