दंडाचा घेर आणि बीपीचा आकडा

अमेरिकेत बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ प्रौढांचा रक्तदाब वेगवेगळ्या मापांचे पट्टे बांधून मोजला. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागत होता, त्यांचा योग्य पट्ट्याने आलेला सरासरी रक्तदाब होता १२४/७९. त्याच माणसांना नेहमीचा मध्यम पट्टा बांधला तेव्हा यंत्राने दाखवले १४४/८७. वरच्या आकड्यात जवळपास वीसची वाढ! १४० च्या वर गेले की उच्च रक्तदाब धरतात, म्हणजे निव्वळ पट्ट्यापायी गोळी सुरू होऊ शकते.

असे का घडते? पट्ट्याच्या आत हवेची पिशवी असते. ती फुगते, दंड आवळते आणि आतली धमनी क्षणभर बंद होते; त्या दाबावरूनच आकडा ठरतो. पिशवी अरुंद असली की दाब वरच्या मांसातच विरतो, धमनीपर्यंत पुरता पोहोचत नाही. मग ती बंद करायला जास्त हवा भरावी लागते आणि ती जास्तीची हवा रक्तदाब म्हणून मोजली जाते. रिव्हा-रोच्ची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये आणलेला पट्टा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. तो आकडा फुगवतो, हे रेक्लिंगहाउझेन यांनी १९०१ मध्येच दाखवून दिले होते.

उलटी चूकही होते, आणि ती सहज लक्षात येत नाही. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. बाल्टिमोरच्या पाहणीत ही घट सरासरी साडेतीनच्या आसपास होती. फरक लहान खरा, पण १४२ चे १३८ झाले की किडकिडीत बांध्याच्या आजींचे खरे दुखणे नजरेआड होते.

माप घेणे अवघड नाही. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडाच्या टोकापासून कोपराच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि बरोबर मध्यावर खूण करावी. मग हात सैल सोडून, उघड्या दंडावर त्या खुणेपाशी शिंप्याची टेप गुंडाळावी. ती टेकलेली असावी, रुतलेली नको. समजा घेर ३७ सेंटिमीटर आला आणि घरच्या यंत्राच्या पट्ट्यावर २२ ते ३२ छापले आहे, तर तो पट्टा त्या माणसासाठी नाही. त्याच यंत्राला चालणारा, ३७ ज्याच्या मर्यादेत बसतो असा मोठा पट्टा मागवावा. केवळ ‘मोठा’ या शब्दावर जाऊ नये. कंपनीगणिक मापे बदलतात, म्हणून छापलेले सेंटिमीटरच वाचावेत. बहुतेक पट्ट्यांवर एक रेघ आणि एक पल्ला आखलेला असतो. पट्टा गुंडाळल्यावर रेघ पल्ल्याबाहेर पडली, तर माप चुकले आहे.

दवाखान्यात बहुधा एकच पट्टा सर्वांना बांधला जातो. आपल्या दंडाचा घेर फाइलवर लिहून ठेवा आणि गोळी सुरू करण्याआधी किंवा वाढवण्याआधी त्या मापाच्या पट्ट्याने पुन्हा मोजायला डॉक्टरांना सांगा.