तक्त्यावरच्या रेषा, यादीतले रकाने

ऑर्गनायझेशन चार्टमध्ये चौकटी सांगतात की संस्थेत कोण आहे, आणि रेषा सांगतात की कोण कोणाच्या हाताखाली आहे. अशा चार्टचा फोटो हाती आला आणि त्यावरून ‘कर्मचारी’ आणि ‘त्याचा वरिष्ठ’ अशा दोन रकान्यांची यादी करायची असली, तर चौकटी वाचण्याला फारसा वेळ लागत नाही. अक्षरओळख करणारे सॉफ्टवेअरही नावे आणि पदे बऱ्यापैकी काढून देते. मात्र ते मजकूर ओळीमागून ओळ असा देते, म्हणून एका आडव्या पातळीवरची सगळी पदे शेजारी शेजारी येऊन पडतात आणि त्यांना जोडणारी रेषा मागेच राहते. यादीचा दुसरा रकाना त्या रेषेतूनच भरायचा असतो.

एक नमुना घेऊ. सहकारी साखर कारखान्याच्या कार्यालयात भिंतीवर लावलेला तक्ता. सर्वांत वर संचालक मंडळ, त्याखाली कार्यकारी संचालक. त्याच्यापासून खाली येणाऱ्या उभ्या रेषेला बाजूने चिकटलेली स्वीय सहायकाची चौकट. ती उभी रेषा एका लांब आडव्या रेषेला मिळते आणि तिच्यापासून चार फाटे खाली येतात: चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट, मुख्य शेतकी अधिकारी आणि चीफ अकाउंटंट. चीफ इंजिनिअरखाली डेप्युटी चीफ इंजिनिअर. चीफ केमिस्टखाली डेप्युटी चीफ केमिस्ट, आणि त्याच्याखाली तीन पाळ्यांचे तीन मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, जागा अपुरी म्हणून एकाखाली एक मांडलेले. मुख्य शेतकी अधिकाऱ्याखाली ऊस विकास अधिकारी आणि ऊस पुरवठा अधिकारी. चीफ अकाउंटंटखाली स्टोअर कीपर, आणि त्याच्यापासून एक तुटक रेषा चीफ इंजिनिअरकडे गेलेली.

पहिला निर्णय रेषांकडे वळण्याआधीच घ्यावा लागतो: कोणती चौकट कर्मचारी मानायची? संचालक मंडळ ही एक व्यक्ती नाही आणि पगारपत्रकावरही नाही. त्यामुळे ते यादीबाहेर ठेवावे आणि कार्यकारी संचालकाचा ‘वरिष्ठ’ रकाना रिकामा सोडावा. मंडळ यादीत घेतले तरी चालते, पण मग ते यादीभर कर्मचारी म्हणून मोजले जाणार हे ठाऊक असावे. नमुन्यात मंडळ वगळून चौदा चौकटी उरतात.

त्या चौदांना क्रमांक द्यायचे, तेही फोटोच्या प्रतीवर पेनने, प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण तिच्यावाचून पुढचे काम डळमळते. कारखान्यात दोन पाटील असतात. एखादे पद रिक्त असते आणि चौकटीत नावच नसते. शिवाय डेप्युटी चीफ केमिस्टचे पद रिकामे असून त्याचा अतिरिक्त कार्यभार चीफ केमिस्टकडेच आहे, असेही होते. यादी नावांनी केली असेल तर तो माणूस स्वतःच स्वतःचा वरिष्ठ ठरतो, आणि ती यादी पुढे ज्या प्रणालीत भरायची ती एक तर त्रुटी दाखवते किंवा त्याच ओळीभोवती फिरत राहते. संबंध क्रमांकांनी, म्हणजेच पदांनी जोडले की ही अडचण उरत नाही. नाव हा फक्त त्या पदाशेजारचा एक तपशील राहतो.

```
क्रमांक,पद,वरिष्ठ
१,कार्यकारी संचालक,
४,चीफ केमिस्ट,१
८,डेप्युटी चीफ केमिस्ट,४
९,मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट (पहिली पाळी),८
```

वरिष्ठाचा क्रमांक शोधताना खालून वर जावे. वरून खाली येताना एका चौकटीतून पाच-सात फाटे निघतात आणि त्यातला एखादा नजरेतून निसटतो. खालच्या चौकटीपासून निघाले तर प्रत्येक वेळी एकच अखंड रेषा धरून एकाच चौकटीपर्यंत पोचायचे असते. दोन रेषा एकमेकींना ओलांडतात तिथे सरळ पुढे जायचे. काही तक्त्यांत अशा ठिकाणी रेषेला लहानशी कमान दिलेली असते, ती हेच सांगते. एक रेषा दुसरीत येऊन संपते तिथे मात्र वळायचे.

‘वर’ म्हणजे वरिष्ठाच्या दिशेने, कागदाच्या वरच्या कडेकडे नव्हे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड इरी रेलरोडचा १८५५ सालचा तक्ता सर्वांत जुन्या ज्ञात ऑर्गनायझेशन चार्टांपैकी एक मानला जातो. डॅनियल मॅकॅलम या अधीक्षकाच्या कारकिर्दीत तयार झालेल्या त्या तक्त्यात अध्यक्ष आणि संचालक तळाशी आहेत आणि शाखा झाडासारख्या वर पसरल्या आहेत. आजही काही तक्ते डावीकडून उजवीकडे वाढतात. म्हणून आधी मूळ चौकट कुठे आहे ते पाहायचे आणि दिशा तिच्यावरून ठरवायची.

चौकटींची उंची हाही वरिष्ठतेचा पुरावा नव्हे. स्वीय सहायकाची चौकट चारही विभागप्रमुखांपेक्षा वर दिसते, कारण चित्र काढणाऱ्याने तिला उभ्या रेषेच्या कडेला बसवले आहे. रेषा तिच्यातून खाली जात नाही, तिला बाजूने स्पर्श करून पुढे जाते. विभागप्रमुखांचा वरिष्ठ कार्यकारी संचालकच. मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टांच्या उतरंडीत याच चुकीचे दुसरे रूप लपलेले आहे. एकाखाली एक मांडलेल्या तीन चौकटी साखळीसारख्या दिसतात: जणू पहिल्या पाळीच्या केमिस्टखाली दुसऱ्या पाळीचा, त्याच्याखाली तिसऱ्याचा. रेषा कोठून शिरते ते पाहिले की उलगडा होतो. डावीकडून एक उभा दांडा खाली येतो आणि त्याचे आडवे फाटे प्रत्येक चौकटीच्या डाव्या बाजूला लागतात. चौकटीच्या तळातून काहीच निघत नाही. तिघे बरोबरीचे आहेत आणि तिघांचा वरिष्ठ डेप्युटी चीफ केमिस्ट, क्रमांक ८.

तुटक रेषेचा प्रश्न वेगळा आहे. स्टोअर कीपर हिशेबासाठी चीफ अकाउंटंटच्या हाताखाली असतो, पण सुट्या भागांच्या मागणीपुरता चीफ इंजिनिअरशी बांधलेला असतो. ‘वरिष्ठ’ रकान्यात एकच क्रमांक बसतो आणि तो अखंड रेषेचा असावा. तुटक रेषेसाठी ‘दुय्यम वरिष्ठ’ असा स्वतंत्र रकाना करावा. एकाच खणात स्वल्पविराम देऊन दोन क्रमांक लिहिले, तर नंतरची कोणतीही मोजणी नीट होत नाही. स्टोअर कीपरच्या दोन ओळी केल्या, तर चौदा कर्मचाऱ्यांचे पंधरा होतात.

इथेच फोटोचा दर्जा आडवा येतो. चौकटीतले अक्षर ठळक असते, रेषा केसाएवढी बारीक. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवलेले चित्र दाबून लहान केले जाते; त्यात अक्षरे वाचता येतात, पण तुटक रेषेतल्या फटी बुजतात किंवा अखंड रेषा मधेमधे विरते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ स्वरूपात पोचतो. काचेच्या फ्रेमवर फ्लॅशचा पांढरा डाग पडला की त्याखालची आडवी रेषा नाहीशी होते आणि तिच्यापलीकडची चौकट अधांतरी राहते. फ्लॅश बंद करून, जरा बाजूने एक जादा फोटो घेतला की डाग सरकतो आणि रेषा दिसते. तिरक्या फोटोत मजकूर वाचता येतो, पण बाजूचे फाटे कोणत्या चौकटीला लागतात ते कळेनासे होते, म्हणून एक फोटो तरी समोरून हवा. मोठ्या तक्त्याचे तुकड्यातुकड्याने फोटो घेताना शेजारच्या दोन फोटोंत काही चौकटी सारख्या याव्यात, नाहीतर कडेला तुटलेल्या रेषेचे दुसरे टोक सापडत नाही.

रेषा खरोखरच दिसत नसेल तर अंदाज बांधू नये. त्या ओळीत वरिष्ठाची जागा मोकळी ठेवून शेऱ्यात ‘रेषा अस्पष्ट’ असे लिहावे आणि कारखान्यातल्या माणसाला विचारावे. पदाच्या नावावरून वरिष्ठ ठरवण्याचा मोह मोठा असतो, कारण उत्तर बहुधा बरोबर येते. पण त्यामुळे यादीत फोटोवरून आलेले काय आणि लिहिणाऱ्याच्या समजुतीतून आलेले काय, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही.

यादी झाली की तपासणी. चौदा कर्मचारी आणि एकच मूळ, म्हणून अखंड संबंध तेराच हवेत. बारा निघाले तर एक रेषा सुटली, चौदा निघाले तर एक जादा धरली. क्रमांक A रकान्यात आणि वरिष्ठ C रकान्यात असतील, तर पुढचे सूत्र वरिष्ठाचा क्रमांक यादीत आहे की नाही ते सांगते:

```
=COUNTIF(A:A,C2)
```

शून्य फक्त कार्यकारी संचालकाच्या ओळीत यावे. इतरत्र शून्य आले तर बहुतेकदा कारण क्षुल्लक असते: एका रकान्यात देवनागरी ८ आणि दुसऱ्यात इंग्रजी 8 टाइप झालेला असतो, किंवा क्रमांकामागे एक अदृश्य मोकळी जागा राहिलेली असते.

पण एवढ्यावर थांबता येत नाही. तीन मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट चुकून साखळीत जोडले, तरी संबंध तेराच राहतात, मूळ एकच राहते आणि सूत्र काही बोलत नाही. चारही विभागप्रमुख स्वीय सहायकाच्या हाताखाली टाकले तरी तेच. बेरीज सुटलेली रेषा पकडते, चुकीच्या चौकटीला लावलेली रेषा पकडत नाही. तिच्यासाठी उलट दिशेने वाचावे लागते. प्रत्येकाच्या थेट हाताखाली किती जण आले ते मोजायचे:

```
=COUNTIF(C:C,A2)
```

नमुन्यात उत्तरे अशी यायला हवीत: कार्यकारी संचालकाखाली पाच, चीफ इंजिनिअरखाली एक, चीफ केमिस्टखाली एक, मुख्य शेतकी अधिकाऱ्याखाली दोन, चीफ अकाउंटंटखाली एक, डेप्युटी चीफ केमिस्टखाली तीन. बेरीज तेरा. आता फोटो घेऊन, या वेळी वरून खाली, प्रत्येक चौकटीतून निघणारे फाटे मोजायचे आणि आकडे जुळवायचे. केमिस्टांची साखळी झाली असती तर डेप्युटीसमोर तीनऐवजी एक आला असता आणि पहिल्या दोन पाळ्यांच्या केमिस्टांसमोर शून्याऐवजी एक-एक. शक्य असेल तर ही मोजणी यादी करणाऱ्याखेरीज दुसऱ्याने करावी. एकदा चुकीची वाचलेली रेषा त्याच डोळ्यांना पुन्हा तशीच दिसते.

यादीच्या फाईलमध्ये तक्त्यावर छापलेली तारीख आणि फोटोची तारीख, दोन्ही नोंदवाव्यात. भिंतीवरचा तक्ता बदल्या आणि निवृत्तींच्या मागे राहतो, आणि यादीतला वरिष्ठ हा तक्ता छापला त्या दिवशीचा वरिष्ठ असतो. आजचे नाव कळले तर ते नावाच्या रकान्यात बदलावे. वरिष्ठाचा क्रमांक मात्र पदाचा असल्यामुळे, रचनाच बदलली नसेल तर, तसाच राहतो.