पैठणीच्या फोटोंसाठी लिहायचं पत्र

येवल्यातला एखादा पैठणीवाला लग्नसराईच्या आधी छापील कॅटलॉग काढायचं ठरवतो आणि नाशिकच्या एखाद्या फ्रीलान्स फोटोग्राफरला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो : ‘२४ साड्या आहेत. फोटो मस्त हवेत. रिच लुक द्या.’ फोटोग्राफर बिचारा काळी पार्श्वभूमी लावतो, एका बाजूनं तिरपा प्रकाश टाकतो, शेजारी पितळी समई ठेवतो. फोटो खरोखरच देखणे येतात. मग कॅटलॉग गिऱ्हाइकांपर्यंत पोचतो आणि फोन सुरू होतात. हा हिरवा आहे की निळा? काठ किती इंची? पदर हातमागाचा आहे का? मागची बाजू दाखवा ना! दुकानदार मग मोबाइलवर पुन्हा फोटो काढून पाठवत बसतो.

फोटोग्राफरला पाठवायचं पत्र खरं तर या फोनवरच्या प्रश्नांपासूनच लिहायला घ्यावं. गिऱ्हाईक दुकानात आलं असतं तर त्यानं साडीचं काय उलगडून, उलटून, उजेडात नेऊन पाहिलं असतं? त्यातली एकेक कृती म्हणजे एकेक फोटो. पैठणीच्या बाबतीत असे सहा फोटो पुरतात : पदर वर ठेवून घातलेली घडी, संपूर्ण पदर, काठ जवळून, बुट्टी जवळून, पदराची उलटी बाजू आणि अंगावर नेसलेली साडी. २४ साड्यांचे १४४ फोटो झाले.

यातला पाचवा फोटो पत्रात बहुधा नसतोच, आणि गिऱ्हाइकाला नेमका तोच हवा असतो. हातमागावर पारंपरिक पद्धतीनं विणलेल्या पदरात मोराचा निळा धागा मोरापुरताच विणला जातो. शेजारच्या रंगाच्या धाग्यात तो अडकवून मागे वळवतात. त्यामुळे पदर उलटला तरी मागच्या बाजूला जवळपास तशीच नक्षी दिसते. जॅकार्डवर विणलेल्या पदरात नक्षीचे धागे मागच्या बाजूनं आडवे धावतात. ते तसेच लोंबतात किंवा कातरून टाकलेले दिसतात. म्हणून पत्रात स्पष्ट लिहावं : ‘पदराचा एक कोपरा उलटा दुमडावा. सुलट आणि उलट बाजूचा एकच मोर एका चौकटीत शेजारी दिसावा. मागचे धागे मोजता येतील इतका फोकस नेमका हवा.’ या ओळीत कॅमेऱ्याचं नाव नाही, लाइट किती ते नाही. ते फोटोग्राफरला कळतं. काय सिद्ध व्हायला हवं, तेवढं त्याला आपण सांगायचं.

कोनाचं मात्र थोडं जास्त सांगावं लागतं. पदराचा फोटो पदर सपाट अंथरून बरोबर वरून घ्यायचा. कॅमेरा जरा जरी कलला, तरी चौकोनी पदर एका बाजूला निमुळता दिसतो आणि काठाची सरळ रेघ वाकडी वाटते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच, म्हणजे सव्वा मीटरच्या आत. फुल-फ्रेम कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची लेन्स लावली, तर एवढा पन्हा चौकटीत मावायला कॅमेरा पावणेदोन मीटर तरी उंच धरावा लागतो. १०० मिलिमीटरच्या लेन्सला याच्या दुप्पट उंची लागेल, आणि दुकानाच्या माळ्यावर तेवढं छत नसतं. मग कुणीतरी वाइड लेन्स लावून जवळूनच काम उरकतो आणि पदराच्या कडा फुगतात. तेव्हा खोलीची लांबी, रुंदी आणि छताची उंची पत्रात आधीच कळवावी. काठ आणि बुट्टीच्या जवळच्या फोटोंसाठी मात्र १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्सच बरी. काठाचा एक जादा फोटो शेजारी फूटपट्टी ठेवून काढायला सांगावा. तो छापायचा नाही, पण ‘काठ किती इंची’ याचं उत्तर त्यावरून कायमचं मिळतं.

पैठणीची खरी परीक्षा रंग आणि जरीत आहे. पैठणीतला धूपछाव परिणाम ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असल्यामुळे येतो. समोरून जी साडी हिरवी, ती चुणीच्या उतारावर निळी दिसते. एका फोटोत यांतला एकच रंग येतो. म्हणून अशा साडीचे दोन फोटो मागावेत : एक सपाट आणि एक मोठ्या सैल चुण्या पाडून, ज्यात दोन्ही रंग एकाच वेळी दिसतात. नुसतं ‘मोरपंखी’ लिहून भागत नाही, कारण प्रत्येकाच्या मनातला मोर वेगळा. विणकराकडे उरलेल्या ताण्या-बाण्याच्या रंगीत रेशमाचे बोटभर तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून, साडीचा क्रमांक लिहून, पत्रासोबत पाठवावेत. फोटो संगणकावर पाहताना हा पुठ्ठा खिडकीतल्या दिवसाच्या उजेडात धरून ताडून पाहता येतो.

दुकानातले एलईडी दिवे चालू, खिडकीतून ऊन आणि वर स्टुडिओचा फ्लॅश, असा तिहेरी प्रकाश पडला की साडीच्या एका अर्ध्या भागावर पिवळट आणि दुसऱ्यावर निळसर झाक येते. ती नंतर कॉम्प्युटरवर नीट निघत नाही, कारण एका बाजूची झाक काढली की दुसरी बिघडते. पत्रातली ओळ अशी असावी : ‘फोटो काढताना दुकानातले सगळे दिवे बंद ठेवू, पडदे लावू. प्रत्येक साडीच्या पहिल्या फोटोत करडं कार्ड आणि रंगपट्टी ठेवावी.’ त्या कार्डाच्या करड्यावरून पुढच्या सगळ्या फोटोंचा पांढरेपणा जुळवता येतो.

जरीचं शास्त्र वेगळंच आहे. जर धातूची असल्यामुळे आरशासारखी वागते आणि समोर जे असेल तेच दाखवते. समोर अंधारी खोली असेल, तर सोनेरी काठ फोटोत तपकिरी-काळा येतो. उघडा फ्लॅश मारला, तर त्यावर पांढरे जळके ठिपके उमटतात. तिला समोर मोठा, उजळ, पांढरा पृष्ठभाग लागतो. मोठा सॉफ्टबॉक्स चालतो, नाहीतर साधी थर्माकोलची शीटही. ‘चमक मारायला पोलरायझर लावतो’ असं कुणी म्हटलं, तर सावध व्हावं. लाइट आणि लेन्स दोन्हींवर पोलरायझर आडवे-उभे लावले, की जर साफ मेलेली दिसते आणि पैठणीची सुती साडी होते.

प्रॉप्सबद्दल माझं मत थोडं कडक आहे. समई, नथ, मोगऱ्याचे गजरे, चंदनाची पेटी यांची पैठणीच्या फोटोंत इतकी गर्दी झाली आहे की साडी शोधावी लागते. शिवाय पितळेचा पिवळा प्रकाश शेजारच्या रेशमावर पडतो, ओल्या गजऱ्याचा डाग रेशमावर राहतो, बांगडीच्या कडेत धागा अडकतो. रंग दाखवायचा आहे त्या पाच फोटोंत प्रॉप नकोच, आणि पार्श्वभूमी करडी हवी. लाल सतरंजीवर ठेवलेली फिकी साडी गुलाबी दिसू लागते. सहाव्या, नेसलेल्या फोटोत काय ते दागिने येऊ देत. मॉडेलचं ब्लाउज मात्र साडीतल्याच कापडाचं की वेगळं, हे आधी ठरवून लिहावं, नाहीतर गिऱ्हाईक त्या ब्लाउजसह साडी मागतं. आणि मांडणी करणाऱ्यालाही एक ताकीद हवी : पानात बसवण्यासाठी फोटो आरशात पाहिल्यासारखा उलटा फिरवायचा नाही. डाव्या खांद्यावरचा पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि ते पाहणाऱ्या बायकांच्या क्षणात लक्षात येतं.

आता फाइलींबद्दल. ‘३०० डीपीआय द्या’ ही पत्रांत हमखास सापडणारी ओळ एकटी असली तर निरर्थक आहे. दोन इंचांचा फोटोही ३०० डीपीआयचा असू शकतो, आणि पानभर ताणला की तो फाटतो. पान किती मोठं, हे सांगायला हवं. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं. कापताना पांढरी कड राहू नये म्हणून चारही बाजूंना ३ मिलिमीटर वाढवले की २१६ बाय ३०३ होतं. ३०० डीपीआयनं याचे पिक्सेल होतात २५५१ बाय ३५७९. दोन पानांवर पसरलेल्या फोटोला ५०३१ बाय ३५७९ लागतील. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो, म्हणजे तोही पुरतो, पण फोटोग्राफरनं चौकट भरून फोटो घेतला तरच. नंतर कापून घेऊ म्हणत दुरून काढलेला फोटो दोन पानांना पुरत नाही.

फोटो रॉ स्वरूपात काढावेत. छपाईसाठी टिफ आणि वेबसाइटसाठी लांब बाजू २००० पिक्सेलची, एसआरजीबी रंगातली जेपीईजी, असे दोन संच मागावेत. छपाईच्या चार शाईंच्या रंगात, म्हणजे सीएमवायकेमध्ये, रूपांतर करण्याचं काम फोटोग्राफरवर टाकू नये. ते आपला कागद आणि आपलं मशीन ओळखणाऱ्या छापखान्यानं करावं. तरीही झगझगीत पोपटी आणि गर्द निळा या चार शाईंत पूर्ण उतरत नाहीत. पोपटी मंद होतो, निळा जांभळ्याकडे झुकतो. त्याचा दोष फोटोग्राफरला देण्यात अर्थ नाही. अशा साड्यांचा छापखान्याकडून आधी प्रूफ मागवावा.

फाइलीचं नावही पत्रातच ठरवावं. `YP07_05_ulat.tif` म्हणजे सातवी साडी, पाचवा फोटो, उलट बाजू. हाच ०७ साडीच्या पिशवीवर आणि रेशमाच्या पुठ्ठ्यावर असला की दोन सारख्या हिरव्या साड्यांची अदलाबदल होत नाही. आणि फाइली पेन ड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकनं घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो, आणि काठाचे धागे एकमेकांत मिसळतात.

फोटोच्या दिवशी एक दोष हमखास डोकावतो. कापडाची बारीक वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींवर आल्या की साडीवर नसलेल्या रंगीत लाटा उमटतात. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर त्या दिसतीलच असं नाही. ‘पहिल्या साडीचे सहाही फोटो लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून दोघांनी पाहावेत, मगच दुसरी साडी उघडावी,’ एवढी अट घातली की हा दोष तिथेच सापडतो. कॅमेरा थोडा पुढेमागे सरकवला की लाटा जातात. साडी उलगडायला आणि परत घडी घालायला दुकानातलाच सरावाचा माणूस द्यावा, कारण चुकीच्या घडीवर जर मोडते. पाच सपाट फोटो एका मांडणीत सलग उरकावेत आणि मॉडेलचे फोटो वेगळ्या दिवशी ठेवावेत.

शेवटी हक्कांच्या दोन ओळी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, फोटो काढून घेणारा असतो. हे पुष्कळ दुकानदारांना ठाऊक नसतं आणि फोटोग्राफरांनाही. म्हणून रॉ फाइली कोणाकडे राहणार, फोटोग्राफरला हे फोटो स्वतःच्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येतील का आणि मॉडेलनं कोणत्या वापराला संमती दिली आहे, हे मोबदल्याच्या आकड्याशेजारीच लिहून दोघांनी सही करावी.