कवळी पुढे का सरकते?

पासष्टीतल्या एका आजींचं उदाहरण घेऊ. सगळे दात काढून त्यांना तीन-चार वर्षं झाली आहेत. नव्या कवळ्या दिसायला छान, पण आठवडाभरात त्या परत येतात. जेवताना कवळी हलते आणि खालच्या पुढच्या हिरडीला, जिभेच्या बाजूने, जखम झाली आहे. विद्यार्थ्याचा हात लगेच तिथली कड घासायला जातो. माझं म्हणणं, आधी जबडा कुठे मिटतो ते पाहा.

कानापुढच्या सांध्यात खालच्या जबड्याचं गोल टोक, म्हणजे कॉन्डाइल, खाचेच्या पुढच्या उतारावर वर आणि पुढे टेकलेलं असतं आणि जबडा तिथल्या तिथे फक्त फिरतो. या स्थितीला सेंट्रिक रिलेशन म्हणतात. तिचा दातांशी संबंध नाही, म्हणून दात गेले तरी ती पुन्हा सापडते. त्या स्थितीत दात जसे भिडतात, ते सेंट्रिक ऑक्लूजन. जुन्या पुस्तकांत मात्र हेच नाव दातांच्या घट्ट बैठकीला दिलेलं आढळतं. नैसर्गिक दात असलेल्या बहुतेकांची ही घट्ट बैठक सेंट्रिक रिलेशनच्या किंचित, साधारण मिलिमीटरभर, पुढे असते आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही.

आजींचं अडलं, कारण दात नसताना त्यांना जबडा पुढे काढून चावायची सवय लागली होती आणि माप त्याच स्थितीत घेतलं गेलं. आता गिळताना जबडा मागे जातो, दाढांचे उतार एकमेकांवर चढतात, आणि खालची कवळी हिरडीवर पुढे ढकलली जाते. जखम त्यामुळे आतल्या बाजूला.

ओळखायचं असं: खालची कवळी बोटांनी स्थिर धरा, हनुवटी सैल सोडायला सांगा, जिभेचं टोक टाळूच्या मागच्या भागाला लावून हळूच मिटायला सांगा, पहिल्या स्पर्शाला थांबवा. मग घट्ट चावायला सांगितलं की कवळी सरकताना दिसते.

इथे तोंडातच कागद लावून खुणा घासू नयेत. मऊ हिरडीवर कवळी कलते आणि खुणा खोट्या उमटतात. दात भिडण्याआधीच थांबवून मेणात नवं माप घ्यावं, कवळ्या आर्टिक्युलेटरवर पुन्हा बसवाव्यात आणि तिथे घासाव्यात. फरक मोठा असेल तर दाढा नव्याने लावाव्या लागतात.

बाजूला सरकताना काय होतं, तो गायडन्सचा प्रश्न. नैसर्गिक दातांत सुळा बहुधा दाढांना सोडवतो. कवळीत एकट्या सुळ्यावर भार आला तर दुसरी बाजू उचलली जाते. म्हणून आजींच्या कवळीत पुढचा उतार कमी ठेवून दोन्ही बाजूंच्या दाढा एकाच वेळी टेकतील, असं जुळवायचं.

नंतर पुन्हा तपासावं. लागोपाठ तीनदा मिटल्यावर दात एकाच जागी, न सरकता भिडले, तरच जखमेजवळची कड हातात घ्यावी. बहुतेक वेळा तिला फारसं घासावं लागत नाही.