कोपऱ्यातला एकटा ठिपका

1913 साली अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ हेन्री नॉरिस रसेल यांनी लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे एक आलेख मांडला. एक ठिपका म्हणजे एक तारा. बहुतेक ठिपके वरच्या डाव्या बाजूकडून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे उतरणाऱ्या एका तिरक्या पट्ट्यात बसले होते, काही वर उजवीकडे जमले होते. खालचा डावा कोपरा मात्र जवळजवळ रिकामा होता. तिथे एकच ठिपका होता आणि खुद्द रसेल यांनाच तो खरा वाटत नव्हता. त्या ताऱ्याच्या वर्णपटाविषयी त्यांनी शंका नोंदवून ठेवली.

डेन्मार्कचे आयनार हर्ट्झस्प्रंग त्याच वाटेनं स्वतंत्रपणे चालले होते. 1911 मध्ये त्यांनी कृत्तिका आणि रोहिणीजवळच्या तारकागुच्छाचे असेच आलेख छापले होते. म्हणून या आलेखाला दोघांचं नाव मिळालं: हर्ट्झस्प्रंग-रसेल आकृती, थोडक्यात एच-आर आकृती.

ती वाचताना नवखा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो आडव्या अक्षावर. तिथे ताऱ्याच्या पृष्ठभागाचं तापमान असतं, पण ते डावीकडून उजवीकडे वाढत नाही, कमी होत जातं. निळसर, तप्त तारे डावीकडे आणि तांबूस, तुलनेनं थंड तारे उजवीकडे. उभ्या अक्षावर ताऱ्याचं तेज असतं. मात्र ते आपल्याला दिसणारं नव्हे, तर तारा खरोखर बाहेर टाकतो ते. व्याध आकाशात रोहिणीपेक्षा कितीतरी ठळक दिसतो, कारण तो अवघ्या 8.6 प्रकाशवर्षांवर आहे. रोहिणी पासष्टएक प्रकाशवर्षांवर आहे. हे अंतर हिशेबात धरलं, की व्याध सुमारे 25 सूर्यांइतका आणि रोहिणी सुमारे 440 सूर्यांइतकी तेजस्वी ठरते. आकृतीत म्हणूनच रोहिणी व्याधाच्या वर बसते. उभ्या अक्षावरची प्रत्येक मोठी खूण आधीच्या दहापट असते, हेही ध्यानात ठेवायला हवं.

अंतर चुकलं तर ठिपका वरखाली सरकतो. अंतर दुप्पट धरलं गेलं, तर तेज चौपट निघतं. वाटेतल्या धुळीमुळे तारा आहे त्याहून तांबडा आणि मंद भासतो. कृत्तिकेसारख्या गुच्छातले तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे निदान आपसातल्या तुलनेत अंतराची चूक शिरत नाही. हर्ट्झस्प्रंग यांनी गुच्छ निवडले ते यासाठीच.

आता या आकृतीची खरी करामत. तापमान आणि तेज या दोन आकड्यांतून ताऱ्याचा आकार काढता येतो. पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून बाहेर पडणारी ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घातानं बदलते. सूर्याचं तापमान सुमारे 5,770 केल्विन, तर रोहिणीचं सुमारे 3,900. म्हणजे रोहिणीचं तापमान सूर्याच्या 0.68 पट. हा आकडा चार वेळा घेऊन गुणाकार केला, तर उत्तर 0.21 येतं. रोहिणीचा एक चौरस मीटर सूर्याच्या तेवढ्याच तुकड्याच्या जेमतेम एकपंचमांश ऊर्जा देतो. तरीही एकूण तेज 440 पट! हे जमायचं तर पृष्ठभाग सूर्याच्या सुमारे 2,100 पट हवा. त्याचं वर्गमूळ काढलं की व्यास मिळतो: सूर्याच्या पंचेचाळीसएक पट. थंड असूनही तेजस्वी असलेला तारा मोठाच असणार, म्हणून आकृतीच्या वरच्या उजव्या भागातल्या ताऱ्यांना राक्षसी तारे म्हणतात.

हाच हिशेब रसेल यांना बुचकळ्यात टाकणाऱ्या ठिपक्याला लावून पाहू. तो तारा म्हणजे 40 एरिडॅनी बी. मृगातल्या राजन्याच्या पश्चिमेला, सुमारे 16 प्रकाशवर्षांवर तीन ताऱ्यांचं एक कुटुंब आहे. त्यातला ए हा नारिंगी तारा अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसतो. बी आणि सी पाहायला दुर्बीण लागते. रसेल यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार 1910 मध्ये ते हार्वर्ड वेधशाळेत एडवर्ड पिकरिंग यांच्याशी बोलत असताना बी ताऱ्याच्या वर्णपटाचा विषय निघाला. पिकरिंग यांनी विल्यमिना फ्लेमिंग यांच्याकडे विचारणा केली. थोड्या वेळानं उत्तर आलं: ‘ए’ वर्गाचा, म्हणजे पांढरा आणि तप्त. इतका मंद तारा तांबडाच असणार, अशी तेव्हाची समजूत होती. 1914 मध्ये वॉल्टर अ‍ॅडम्स यांनी वर्णपट पुन्हा घेतला आणि फ्लेमिंग यांचं उत्तर पक्कं झालं.

बी आणि सी शेजारी शेजारी ठेवले, की कोडं उलगडतं. सी हा तांबडा बटू आहे, तापमान सुमारे 3,100 केल्विन. बीचं तापमान 16,500च्या आसपास, म्हणजे पाचपटीहून अधिक. चौथा घात घेतला तर बीचा दर चौरस मीटर सीच्या 800 पट ऊर्जा ओततो. मग बी कितीतरी तेजस्वी हवा. पण दोघांचं एकूण तेज फारसं वेगळं नाही. सूर्याच्या तुलनेत बीचं तेज 1.3 टक्के आणि सीचं 0.8 टक्के भरतं. उरलेला फरक आकारानंच भरून निघतो. सीचा व्यास सूर्याच्या एकतृतीयांशाच्या जवळपास आहे आणि बीचा पृथ्वीच्या साधारण दीडपट. तरी बीचं वस्तुमान सूर्याच्या निम्म्याहून जास्त! एवढा ऐवज एवढ्याशा गोळ्यात कोंबला गेला आहे, हे त्या काळी कुणाच्या कल्पनेतही नव्हतं. या जातीच्या ताऱ्यांना पुढे श्वेतबटू हे नाव मिळालं.

एक गैरसमज मात्र इथे दूर करायला हवा. तिरका पट्टा, म्हणजे मुख्य क्रम, ही ताऱ्यांची घसरगुंडी नाही. तारा वर डावीकडे जन्मून खाली उजवीकडे म्हातारा होतो, असं काही घडत नाही. या पट्ट्यातले सगळे तारे गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम करत असतात आणि कुणी कुठे बसायचं हे वस्तुमान ठरवतं: जड तारे वर, हलके खाली. सूर्य सुमारे 1,000 कोटी वर्षांचा हा काळ जवळपास एकाच जागी काढणार आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपला, की तारा फुगतो, थंडावतो आणि पट्टा सोडून वर उजवीकडे जातो. रोहिणी आज तिथे आहे. तिचं वस्तुमान सूर्यापेक्षा थोडंसंच जास्त आहे. पण ती सूर्याच्या पुढच्या टप्प्यावर पोहोचली आहे. शेवटी बाहेरचे थर अवकाशात निघून जातात आणि उघडा पडलेला गाभा खालच्या डाव्या कोपऱ्यात येतो. तिथे नवी ऊर्जा तयार होत नाही. श्वेतबटू फक्त निवत राहतो आणि त्याचा ठिपका हळूहळू खाली उजवीकडे सरकतो.

तो कोपरा आता मोकळा राहिलेला नाही. गाया या युरोपीय उपग्रहाच्या 2018 मधल्या नोंदींवरून 40 लाखांहून अधिक ताऱ्यांची आकृती काढली गेली. मुख्य पट्ट्याच्या खाली श्वेतबटूंची वेगळी, ठसठशीत रेघ त्यात दिसते.

40 एरिडॅनीच्या कुटुंबात मात्र अजून एक विसंगती उरते. ए ताऱ्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे 0.8 पट आहे, म्हणजे श्वेतबटू बीपेक्षा जास्त. जड तारे आपलं इंधन लवकर संपवतात. मग हलका बी आधी कसा विझला? तिघंही एकाच वेळी जन्मले असं धरलं, तर एकच उत्तर निघतं: तेव्हा बी हाच तिघांत सर्वांत जड होता. मुख्य क्रमातून बाहेर पडून राक्षसी तारा होताना त्यानं आपलं बरंचसं वस्तुमान गमावलं आणि आज दुर्बिणीत दिसतो तो त्याचा उरलेला गाभा आहे.