उंच उडीआधी लँडिंगचा हिशेब : व्हॉलीबॉलपटू मुलांसाठी प्लायोमेट्रिक सरावाचा क्रम

रायपूर : व्हॉलीबॉलमध्ये जाळीची उंची पुरुषांसाठी २.४३ मीटर आणि महिलांसाठी २.२४ मीटर असते. त्या उंचीवर हात पोहोचावा म्हणून मुलांना लवकरात लवकर लाकडी खोक्यावर उड्या मारायला लावण्याकडे कल असतो. मात्र, गुढघ्याच्या दुखण्याचे मूळ बहुधा उडी मारण्यात नसून वारंवार जमिनीवर उतरण्यात असते. त्यामुळे रायपूरच्या गुढियारीसारख्या वस्तीतील एखाद्या शाळेच्या टणक मैदानावर असा सराव सुरू करायचा झाल्यास उडीच्या उंचीआधी लँडिंगची संख्या ठरवावी लागते.

प्लायोमेट्रिक व्यायामात स्नायू प्रथम वेगाने ताणला जातो आणि लगेच आकुंचन पावतो. ताणात साठलेली ऊर्जा पुढच्या उडीला मिळते. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६०च्या दशकात उंचावरून खाली उडी घेऊन तत्काळ वर उसळण्याची पद्धत विकसित केली. ती पद्धत मुरलेल्या खेळाडूंसाठी होती. वाढत्या वयाच्या मुलांनी तेथून सुरुवात करणे म्हणजे शेवटची पायरी आधी चढणे होय.

पहिली पायरी उतरण्याची आहे. जागेवरच लहान उडी घेऊन दोन्ही पायांवर आवाज न करता उतरावे आणि दोन-तीन सेकंद स्थिर राहावे. गुडघे आत न झुकता पायाच्या बोटांच्या दिशेत राहिले, तरच पुढे जावे. दुसऱ्या पायरीवर घोट्यांतून मारलेल्या बुटक्या, जलद उड्या येतात. त्यानंतर पुढे सरकणाऱ्या छोट्या उड्या, मग हात झोकून मारलेली पूर्ण उभी उडी आणि शेवटी बॉक्स जंप. एका पायावरील उड्यांत सगळा भार एकाच गुडघ्यावर येत असल्याने त्या नंतरसाठी राखून ठेवाव्यात.

बॉक्स जंप शेवटी येत असली, तरी तिचे लँडिंग तुलनेने सौम्य असते, कारण खेळाडू उंचावरच थांबतो आणि फारसा खाली पडत नाही. खरा धोका खोक्यावरून परत खाली उडी मारण्यात असतो. म्हणून प्रत्येक वेळी एकेक पाय टाकून खाली उतरावे. खोके किती उंच आहे, यावरून उडीची प्रगतीही मोजू नये. गुडघे छातीशी ओढून घेतले, की उंच खोकेही गाठता येते. उतरल्यावर खेळाडू अर्ध्या बैठकीपेक्षा खाली जात असेल, तर खोके जास्त उंच आहे, असे समजावे.

नवख्या प्रौढ खेळाडूसाठी एका सत्रात ८० ते १०० लँडिंगची मर्यादा प्रशिक्षण क्षेत्रात रूढ आहे. मुलांसाठी तिच्या निम्म्यापासून सुरुवात करणे योग्य ठरते. उदाहरणार्थ, १३ वर्षांच्या खेळाडूने आठवड्यातून दोन सत्रे करावीत आणि त्यांत किमान ४८ तासांचे अंतर ठेवावे. पहिल्या दोन आठवड्यांत उतरण्याचे पाच-पाचचे तीन संच आणि बुटक्या उड्यांचे दहा-दहाचे तीन संच, म्हणजे एकूण ४५ लँडिंग होतात. तिसऱ्या व चौथ्या आठवड्यात बुटक्या उड्या ३०, पुढे जाणाऱ्या १५ आणि उभ्या उड्या १५, असे ६० होतात. पाचव्या व सहाव्या आठवड्यात बुटक्या २०, पुढे जाणाऱ्या १५, उभ्या १५ आणि ३० सेंटीमीटरच्या खोक्यावर २० बॉक्स जंप, असे ७० होतात. सातव्या आठवड्यात हे प्रमाण निम्मे करावे. त्यानंतर संख्या किंवा खोक्याची उंची यांपैकी एकच गोष्ट वाढवावी.

या हिशेबात सर्वाधिक चूक खेळातील उड्या न मोजल्याने होते. त्याच दिवशी खेळाडूने ४० स्मॅश आणि ३० ब्लॉक केले असतील, तर ७० लँडिंग आधीच झालेले असतात. अशा दिवशी प्लायोमेट्रिक सराव टाळावा. तो करायचा असल्यास चेंडूच्या सरावाआधी, ताज्या पायांनी करावा आणि त्या दिवशीचे स्मॅश व ब्लॉक कमी करावेत.

थकवा ओळखण्यासाठी यंत्राची गरज नसते. लँडिंगचा आवाज वाढणे, गुडघे आत झुकणे किंवा भिंतीवरील खडूच्या खुणेपर्यंत हात न पोहोचणे यांपैकी काहीही दिसल्यास, ठरलेले संच उरले असले तरी सत्र थांबवावे. गुडघ्याच्या वाटीच्या लगेच खाली दुखणे हे 'जंपर्स नी'चे लक्षण असू शकते. त्याहून खाली, नडगीच्या वरच्या टोकावरील उंचवटा सुजून दुखत असेल, तर ऑसगुड-श्लाटरची शक्यता असते. हे दुखणे झपाट्याने उंची वाढण्याच्या काळात, म्हणजे मुलींमध्ये साधारण १२ आणि मुलांमध्ये १४ वर्षांच्या आसपास अधिक आढळते. त्यामुळे दर तीन महिन्यांनी उंची मोजावी. ती दोन सेंटीमीटरहून अधिक वाढली असेल, तर खोक्याची उंची वाढवणे पुढे ढकलावे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा दुखत असेल, तर उड्या बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे.