आठशे ज्यूलचे चारशे कसे झाले?

लय भरकटलेल्या हृदयाला झटका देणाऱ्या यंत्राला डिफिब्रिलेटर म्हणतात. त्याच्या पोटात एक मोठा कपॅसिटर असतो. हिशेबाला सोपा जावा म्हणून तो 32 मायक्रोफॅरडचा आणि 5000 व्होल्टला भरलेला धरू. त्यातला विद्युतभार Q = CV, म्हणजे 0.16 कूलोम.

आता भार गुणिले व्होल्ट म्हणजे ऊर्जा, असं आपण शाळेत घोकलेलं असतं. त्या हिशेबानं 0.16 × 5000 = 800 ज्यूल व्हायला हवेत. प्रत्यक्षात साठलेले असतात 400. उरलेले कुठे गळाले नाहीत; ते कपॅसिटरमध्ये कधी नव्हतेच.

गोदामात पोत्यांची थप्पी लावताना पहिलं पोतं जमिनीवरच पडतं, शेवटचं मात्र डोक्यावर उचलावं लागतं. सगळी पोती शेवटच्या उंचीला चढवली असं धरून मजुरी मागितली, तर मुकादम हसेल. कपॅसिटरचंही तसंच आहे. पहिला भार आत जातो तेव्हा व्होल्टेज शून्य असतं आणि प्रत्येक नव्या कणाबरोबर ते वाढत जातं. म्हणून भाराचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येकाला त्या क्षणाच्या व्होल्टेजनं गुणायचं आणि बेरीज घ्यायची. इंटिग्रल म्हणजे हीच बेरीज:

W = ∫ v dq = ∫ (q/C) dq = Q²/2C

किंमती घाला, 400 ज्यूल येतात. अर्धा भार भरला, तेव्हा ऊर्जा फक्त 100 ज्यूल होती. उरलेल्या अर्ध्यानं 300 ज्यूलची भर घातली.

झटका देताना उलटा प्रवास होतो. छातीचा रोध 50 ओहम धरला, तर प्रवाह 100 ॲम्पिअरनं सुरू होऊन झपाट्यानं घसरतो. घसरत्या प्रवाहाला नुसतं वेळेनं गुणता येत नाही, तिथे Q = ∫ i dt लागतं. i = 100 e^(−t/RC) आणि RC = 1.6 मिलिसेकंद. शेवटपर्यंत बेरीज केली की उत्तर 100 × 0.0016 = 0.16 कूलोम, म्हणजे भरलेला भार तंतोतंत परत. हिशेब बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची ही उत्तम परीक्षा.

गंमत पुढे आहे. पहिल्या 1.6 मिलिसेकंदांत भार 63 टक्के जातो, पण ऊर्जा 86 टक्के. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे चालते, त्यामुळे ती भाराच्या आधी संपत येते. मागची शेपटी लांब असते, पण तिच्यात जोर नसतो.

खरी छाती नेमकी 50 ओहमची नसते. माणसागणिक रोध बदलतो आणि प्रवाहाचा आलेखही. म्हणून आजची बरीच यंत्रं झटका देताना छातीचा रोध मोजतात, त्याप्रमाणे झटक्याची लांबी किंवा व्होल्टेज जुळवून घेतात, मध्येच प्रवाहाची दिशा उलटवतात आणि शेपटी सरळ कापून टाकतात.